८० टक्के की ३६ टक्के? एपिकची प्रगती मोजताना

समजा, तुमच्या लॅबमध्ये डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर लिहायचं काम जिरावर नोंदवलंय. त्या मोठ्या कामाचं एक एपिक आणि त्याखाली १० तिकिटं. ४ आठवड्यांत ८ तिकिटं झाली. गाइडनी विचारलं, "किती झालं?" तुम्ही म्हणालात, "८० टक्के." आठवड्याला २ तिकिटं हा वेग धरला, तर उरलेलं काम एका आठवड्याचं. कॉन्फरन्सची तारीख त्याच हिशोबाने ठरली.

आता तिकिटांचे स्टोरी पॉइंट बघू. पॉइंट म्हणजे तास नव्हेत; एक काम दुसऱ्याच्या तुलनेत किती मोठं, याचा टीमने केलेला अंदाज. झालेल्या ८ तिकिटांपैकी चार १ पॉइंटची आणि चार २ पॉइंटची होती: फाइल वाचणं, कॉलमची नावं सुधारणं वगैरे. एकूण १२ पॉइंट. उरलेली दोन म्हणजे कॅलिब्रेशन (८) आणि मॉडेल बसवणं (१३), म्हणजे २१ पॉइंट.

```
तिकिटांनुसार : 8/10  = 80%
पॉइंटनुसार   : 12/33 = 36%
```

आठवड्याला ३ पॉइंट या वेगाने अजून ७ आठवडे लागतील. एक आणि सात!

इथे तिकिटांच्या मोजणीने फसवलं, कारण सोपी कामं आधी उरकली गेली. आपण बहुतेक तसंच करतो. सगळी तिकिटं साधारण सारख्याच आकाराची असती, तर दोन्ही आकडे जवळपास सारखे आले असते. म्हणून दोन्ही काढा. पॉइंटचा आकडा बराच खाली असेल, तर मोठी कामं मागे राहिलीयत असं समजा.

मग कायम पॉइंटच धरायचे का? थांबा. मॉडेल बसवताना ३ नवी तिकिटं निघाली आणि घाईत पॉइंट टाकायचे राहिले. तिकिटांची टक्केवारी लगेच ८/१३, म्हणजे ६२ वर येते. पॉइंटची मात्र ३६ वरच राहते, कारण रिकामी जागा बेरजेत शून्य धरली जाते. प्रत्येकी ५ पॉइंट दिले, तर खरा आकडा १२/४८, म्हणजे २५ टक्के. या वेळी फसवणारे पॉइंट आहेत. त्यामुळे आकडा सांगण्याआधी पॉइंट नसलेली तिकिटं शोधा (तुमच्या एपिकचा क्रमांक घालून):

```
parent = DATA-7 AND "Story Points" IS EMPTY
```

यादी रिकामी आली, तर पॉइंटचा आकडा धरा. नाही आली, तर आधी अंदाज भरा. आणि एक लक्षात असू द्या: १३ पॉइंटचं तिकीट अर्धं झालं असलं, तरी दोन्ही पद्धतींत ते शून्यच दिसतं. तेवढं मोठं तिकीट आधीच तोडलेलं बरं.

गाइडना पुढच्या वेळी एकच आकडा सांगू नका. "१० पैकी ८ तिकिटं, पण ३३ पैकी १२ पॉइंट" असं सांगा. तारीख ठरवायला त्यांना हेच लागतं.