काम वाढवले कोणी, स्वीकारले कोणी

प्रकल्पात काय करायचे आणि काय करायचे नाही, याची ठरलेली हद्द म्हणजे त्या प्रकल्पाचा स्कोप. ही हद्द तीन मंजूर कागदांत बांधलेली असते. कामाचे वर्णन करणारे स्कोप स्टेटमेंट, ते काम लहान लहान तुकड्यांत फोडून दाखवणारे वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणजे डब्ल्यूबीएस, आणि प्रत्येक तुकड्यात नेमके काय येते याचा खुलासा करणारी डब्ल्यूबीएस डिक्शनरी. तिन्ही मिळून स्कोप बेसलाइन तयार होते. एमबीएच्या किंवा प्रकल्प व्यवस्थापनाच्या पदविकेच्या असाइनमेंटमध्ये स्कोप क्रीप, गोल्ड प्लेटिंग, स्कोप व्हॅलिडेशन आणि स्कोप कंट्रोल या चार संज्ञांवर हमखास प्रश्न असतो. त्यांची बहुतेक चुकीची उत्तरे एकाच कारणाने चुकतात: लिहिणाऱ्याने बेसलाइनचा उल्लेखच केलेला नसतो.

स्कोप क्रीप म्हणजे वेळ, पैसा आणि माणसे यांचा हिशेब न बदलता, कोणाच्या रीतसर मंजुरीशिवाय काम वाढत जाणे. गोल्ड प्लेटिंग म्हणजे ग्राहकाने न मागितलेली गोष्ट काम करणाऱ्यांनी आपणहून त्याच्या पदरात टाकणे. पहिल्यात मागणी बहुधा बाहेरून येते आणि संघ मान डोलावतो. दुसऱ्यात मागणीच नसते, हौस असते.

असाइनमेंटमध्ये येतो तसा एक काल्पनिक प्रसंग घेऊ. एका महाविद्यालयाला ग्रंथालयासाठी संगणक प्रणाली करून हवी आहे. मुदत 5 महिने, खर्च 9 लाख रुपये. कामात 18,000 पुस्तकांची सूची, देवघेवीची खिडकी आणि उशीर झाल्यास दंडाची आकारणी एवढेच आहे. दुसऱ्या महिन्यात ग्रंथपाल प्रोग्रामरला फोन करून म्हणतात, “पुस्तक परत करायची तारीख जवळ आली की मुलांना एसएमएस गेला तर बरं होईल.” प्रोग्रामर हो म्हणतो. पुढच्या महिन्यात दोन विभागीय ग्रंथालयांची पुस्तकेही सूचीत घालायचे ठरते आणि आकडा 24,000 वर जातो. दरम्यान तोच प्रोग्रामर मुखपृष्ठावर कोणते पुस्तक किती वेळा वाचले गेले याचा रंगीत, हलता आलेख बसवतो. तो कोणी मागितलेला नसतो. ग्रंथपालांना दाखवू तेव्हा खूश होतील, एवढाच हिशेब.

एसएमएस आणि वाढीव 6,000 पुस्तके हा स्कोप क्रीप, आलेख हे गोल्ड प्लेटिंग. इथपर्यंत बहुतेक विद्यार्थी बरोबर येतात. पुढचे वाक्य मात्र अनेकांच्या उत्तरात नसते. ग्रंथपालांची मागणी लेखी आली असती, तिला किती दिवस आणि किती रुपये लागतील याचा अंदाज घेतला गेला असता, बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीने तिला होकार देऊन मुदत आणि खर्च वाढवले असते, तर तीच मागणी स्कोप क्रीप ठरली नसती. तो मंजूर बदल झाला असता. म्हणजे काम किती वाढले यावर स्कोप क्रीप ठरत नाही. मंजुरी घेऊन दुप्पट झालेले काम क्रीप नव्हे, आणि न विचारता घातलेला एक एसएमएससुद्धा क्रीपच.

गोल्ड प्लेटिंगबद्दलचा गैरसमज वेगळा आहे. ‘ग्राहकाला आलेख आवडला, तर तोटा काय?’ असा प्रश्न उत्तरपत्रिकेतच विचारलेला दिसतो. तोटा मोजता येतो. आलेखावर प्रोग्रामरचे 6 दिवस गेले, ते दंडाच्या आकारणीच्या वेळेतून गेले. आलेखाची चाचणी कुठल्याच योजनेत नाही, म्हणून तो न तपासता पुढे जातो. तो बिघडला की दुरुस्तीही फुकट करावी लागते, कारण दिले आहे म्हटल्यावर ते आता ग्राहकाच्या हक्काचे झाले. शिवाय ग्राहकाला तो नकोही असू शकतो. कोणते पुस्तक किती वेळा गेले हे दर्शनी भागात झळकावे, असे एखाद्या ग्रंथपालाला मुळीच वाटणार नाही. काही लेखक गोल्ड प्लेटिंगला स्कोप क्रीपचाच एक प्रकार मानतात, कारण तीही मंजुरीशिवाय झालेली वाढच आहे. असाइनमेंटमध्ये हे एका ओळीत नोंदवावे आणि मागणीचा उगम कुठे आहे यावर दोन्ही वेगळे करून दाखवावेत.

स्कोप क्रीपचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील डेन्व्हर विमानतळाच्या सामान-वाहतूक यंत्रणेचे नाव पुस्तकांत वारंवार येते. युनायटेड एअरलाइन्सच्या एका इमारतीपुरती विचारात असलेली स्वयंचलित यंत्रणा पुढे सगळ्या विमानतळासाठी घ्यायचे ठरले. 1992 मध्ये बीएई ऑटोमेटेड सिस्टिम्स या कंपनीशी करार झाला, आणि विमानतळ 1993 च्या ऑक्टोबरमध्ये उघडायचा होता. काम चालू असताना विमान कंपन्या बदल मागत राहिल्या; बर्फावरच्या खेळाच्या लांबोळक्या सामानाची सोय हा त्यांतला एक. मुदत जवळपास तीच राहिली. विमानतळ उघडला तो 28 फेब्रुवारी 1995 ला, आणि बहुतांश सामान साध्या गाड्यांनी ओढले जात होते. अर्थात तिथे मुळातली मुदतच अवघड होती आणि तंत्रही त्या आकारात न वापरलेले होते, त्यामुळे सगळे खापर स्कोप क्रीपवर फोडणारे उत्तर अर्धवट ठरेल.

वाढ ओळखायची कशी, हे स्कोप कंट्रोलचे काम. ही प्रक्रिया पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालू असते आणि ती प्रकल्प व्यवस्थापकाच्या घरची असते. ग्राहक तिथे असलाच पाहिजे असे नाही. तिची मुख्य पद्धत म्हणजे व्हेरिअन्स ॲनालिसिस: ठरले काय आणि चालले काय, यांतला फरक काढणे. ग्रंथालयाच्या प्रकल्पात तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस व्यवस्थापक संघाच्या कामाच्या नोंदी डब्ल्यूबीएसशेजारी ठेवतो. प्रत्येक नोंदीपुढे डब्ल्यूबीएसचा क्रमांक असायला हवा. दोन नोंदींपुढे तो नाही: ‘एसएमएस, 9 दिवस’ आणि ‘आलेख, 6 दिवस’. पंधरा दिवसांचे काम हद्दीबाहेर झाले, हे ग्राहकाला काहीही न दाखवता इथेच कळते. उलट तपासणीही तेवढीच गरजेची असते. डब्ल्यूबीएसमध्ये असलेल्या ज्या कामापुढे एकही दिवस पडलेला नाही, ते गळाले आहे का, हे पाहावे लागते. स्कोप कंट्रोल म्हणजे फक्त वाढ थोपवणे, असे लिहिणाऱ्यांच्या नजरेतून ही घट सुटते.

फरक सापडल्यावर व्यवस्थापक स्वतः बेसलाइन बदलत नाही. तो बदलाची विनंती मांडतो: एसएमएस ठेवायचा तर मुदत आणि पैसे वाढवा, नाहीतर काढून टाकू. निर्णय बदल-मंजुरीच्या रीतसर प्रक्रियेत होतो.

स्कोप व्हॅलिडेशनमध्ये प्रश्नच दुसरा असतो. काम हद्दीत आहे का, हे इथे पाहिले जात नाही. तयार झालेली वस्तू ग्राहक स्वीकारतो का, हे पाहिले जाते. प्रकल्पाचा एखादा भाग पूर्ण झाला की ग्राहक किंवा प्रायोजक तो समोर ठेवून, आधी ठरलेल्या स्वीकृतीच्या निकषांवर तपासतो आणि सही करतो किंवा नाकारतो. प्रकल्प व्यवस्थापक कितीही खूश असला, तरी ग्राहकाची सही नसेल तर व्हॅलिडेशन झालेले नाही. त्याआधी एक पायरी असते: क्वालिटी कंट्रोल. तिथे संघच वस्तू बरोबर चालते का हे तपासतो, आणि तपासलेली वस्तू ग्राहकापुढे जाते. बरोबर असणे आणि स्वीकारले जाणे या दोन गोष्टी एकच मानल्या की उत्तर इथेच घसरते.

ग्रंथालयात ही वेळ चौथ्या महिन्यात येते. दंडाचा भाग तयार आहे: 14 दिवसांनंतर दर दिवशी 2 रुपये. ग्रंथपाल एक नमुना घालून बघतात. परतीची तारीख 28 ऑक्टोबर, पुस्तक परत आले 10 नोव्हेंबरला. उशीर 13 दिवसांचा, म्हणून पडद्यावर 26 रुपये दिसतात. ग्रंथपाल म्हणतात, “मधे दिवाळीच्या 9 सुट्ट्या आहेत. ग्रंथालय बंद असताना दंड कसा? 8 रुपयेच व्हायला हवेत.” आणि सही करत नाहीत.

आता पुढे काय, याचे उत्तर निकषांच्या कागदात असते. ‘सुट्टीचे दिवस दंडात धरू नयेत’ असे तिथे लिहिले असेल, तर प्रणालीत दोष आहे. भाग नाकारला जातो, कारण नोंदवले जाते आणि दोष दुरुस्त करण्यासाठी विनंती मांडली जाते; ग्राहकाकडून जादा पैसे मागता येत नाहीत. तसे लिहिले नसेल, तर प्रणाली ठरल्याप्रमाणेच चालते आहे आणि ग्रंथपालांची सूचना ही नवी मागणी आहे. तिचा खर्च-वेळ मांडून मंजुरी घ्यावी लागेल. प्रोग्रामरने ‘दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणून तिथल्या तिथे सुधारून दिले, तर व्हॅलिडेशनच्या टेबलावरच स्कोप क्रीप सुरू होतो. असाइनमेंटमध्ये असा प्रसंग दिला असेल, तर निकष काय होते हे न सांगता दिलेले कोणतेही उत्तर अपुरे.

याच बैठकीत आलेखही उघडा पडतो. त्याच्यासाठी निकषच नाही, म्हणून तो स्वीकारायचा की नाकारायचा हे कशाच्या आधारावर ठरवायचे, हाच पेच. कंट्रोल नीट झाले असते तर तो इथवर पोहोचलाच नसता.

तुलनेच्या उत्तरात मुद्दे कोणत्या क्रमाने यावेत, याला विशेष महत्त्व नाही. मात्र दोन्ही प्रक्रियांतून काय बाहेर पडते, हे सांगितलेले असावे. व्हॅलिडेशनमधून स्वीकारलेली वस्तू निघते आणि ती पुढे प्रकल्प किंवा त्याचा टप्पा बंद करण्याच्या कामी येते. कंट्रोलमधून वस्तू निघत नाही. काम कुठे सरकले आहे याची माहिती निघते. बदलाची विनंती दोन्हींतून निघू शकते, म्हणून केवळ तेवढ्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही.

जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमबॉक गाइडमध्ये ही ग्राहकाच्या स्वीकृतीची प्रक्रिया 2008 च्या चौथ्या आवृत्तीत ‘व्हेरिफाय स्कोप’ या नावाने होती. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ती ‘व्हॅलिडेट स्कोप’ झाली. नव्या आवृत्त्यांत ‘व्हेरिफाइड’ वस्तू म्हणजे क्वालिटी कंट्रोलमधून तपासून निघालेली, अजून ग्राहकाने न स्वीकारलेली वस्तू. त्यामुळे जुन्या टिपणातले ‘व्हेरिफिकेशन’ नव्या अभ्यासक्रमाच्या उत्तरात जसेच्या तसे उतरवले, तर स्वीकृती आणि तपासणी यांची अदलाबदल होते.