कावळ्याचं पालुपद

काव काव काव, मला काय ठाव?
वारा आला, घेऊन गेला, त्याचंच घ्या नाव!

पहिली ते चौथीच्या मुलांना पटांगणात बसवून सांगायची एक गोष्ट मी रचली आहे. तिच्यातल्या कावळ्याचं हे पालुपद. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते. प्रकाशभाई मोहाडीकरांनी सुरू केलेल्या साने गुरुजी कथामालेमुळे या दिवशी गोष्ट सांगण्याची प्रथा कितीतरी शाळांत रुजली. अशा कार्यक्रमात प्रामाणिकपणाची गोष्ट हमखास असते आणि बहुतेक वेळा तिच्यात खोटं बोलणाऱ्याची फजिती होते, त्याला शिक्षा होते. माझं म्हणणं असं, की मुलांना खरं बोलावंसं वाटायला हवं असेल तर शिक्षेचा फारसा उपयोग नाही. गोष्टीतलं पालुपद नीट रचलं तर मात्र बरंच काही होऊ शकतं.

गोष्ट थोडक्यात अशी. एका जुन्या वडाच्या ढोलीत सगळ्यांनी पावसाळ्याची बेगमी करून ठेवली आहे. राखणीला कावळा, कारण सगळ्यांत हुशार तोच. पहिल्या दिवशी त्याला भूक लागते आणि तो चिमणीची ज्वारी खातो. चिमणी विचारते, ‘कावळेदादा, माझी ज्वारी कुठं गेली?’ कावळा म्हणतो, वारा घेऊन गेला. नुसतं म्हणून थांबत नाही, चार दाणे त्याने आधीच झाडाखाली उधळून ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी तो पोपटाच्या मिरच्या खातो आणि चोचीतून पाणी आणून ती जागा भिजवून ठेवतो. आता पालुपदात वाऱ्याऐवजी पाऊस येतो. तिसऱ्या दिवशी खारीचे शेंगदाणे संपतात. या वेळी कावळा ढोलीपासून मुंग्यांच्या वारुळापर्यंत शेंगदाण्यांच्या चुऱ्याची ओळ घालतो आणि म्हणतो,

काव काव काव, मला काय ठाव?
मुंगी आली, घेऊन गेली, तिचंच घ्या नाव!

आळ कुणाकुणावर येतो, त्याचा क्रम इथं मुद्दाम ठेवला आहे. वाऱ्यावर आळ घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही, मुलं खदखदून हसतात. पावसाचंही तेच. दोन वेळा हसून झालं की तेच शब्द, तोच ठेका एका जिवावर येऊन पडतो. मुंग्यांना वडाखालून निघून जायला सांगतात. बाहेर पाऊस, आणि मुंग्या आपली अंडी तोंडात धरून निघतात. खोटं बोलणं वाईट असतं हे इथं कुणी सांगत नाही. पण आपण आत्ता ज्या ओळीवर टाळ्या वाजवल्या, तिने काय केलं ते मुलांना समोर दिसतं.

कावळ्याला कुणीही पकडत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पकडला गेल्यावर कबूल करणं ही सुटकेची धडपड झाली. इथं मुंग्यांची म्हातारी आई जाता जाता मागे वळते आणि त्यालाच साक्षीला बोलावते, ‘दादा, राखणीला तू होतास ना? मग तूच सांग, मी आले होते का?’ सगळ्यांचा विश्वास त्याच्यावर आहे. ‘हो’ म्हटलं की प्रकरण संपलं. इथं सांगणाऱ्याने थांबायचं. चांगले तीन श्वास थांबायचं. मग हळू, टाळ्यांशिवाय,

काव काव काव, मला आहे ठाव!
मीच आलो, खाऊन गेलो, माझंच घ्या नाव!

ओळींचा साचा तोच आहे, शब्द थोडेच बदलले आहेत. पालुपदाचं सगळं बळ या बदलात आहे, म्हणून आधीची तीन आवर्तनं कशी झाली यावर शेवट अवलंबून असतो. पहिल्यांदा सांगणाऱ्याने ते एकट्यानेच, सावकाश म्हणावं. ‘काव’ला एकेक अशा तीन टाळ्या द्याव्यात आणि चौथ्या टाळीची जागा मोकळी सोडावी. त्या मोकळ्या जागेत मुलं श्वास घेतात आणि पुढचा प्रश्न एकदम म्हणता येतो. ती जागा भरून टाकली की मागच्या रांगा मागे पडतात आणि ओळीचा गोंगाट होतो. दुसऱ्या वेळी ‘त्याचंच घ्या’ म्हणून थांबावं, ‘नाव’ मुलं स्वतःच म्हणतात. तिसऱ्या वेळी सांगणाऱ्याने फक्त ‘मुंगी आली’ म्हणावं, बाकीचं मुलांनी. मुलांची जीभ एकदा त्या ओळीला सरावली, की चौथ्या वेळी ओळ बदलल्याचं त्यांना कानाच्या आधी जिभेलाच कळतं.

चौथ्या वेळी काही मुलं सवयीने ‘काय ठाव’ असंच ओरडतात. सांगणाऱ्याला वाटतं, गोष्ट फसली. माझ्या मते ती तिथंच नीट पोचलेली असते. शेजारचा ‘आहे ठाव’ म्हणतोय आणि आपल्या तोंडून मात्र जुनं खोटंच निघालं, हे त्या मुलाला आपलं आपणच कळतं. त्यावर हसू नये, दुरुस्त करू नये, ओळ पुन्हा एकदा शांतपणे म्हणावी. दुसऱ्या खेपेला पुष्कळ मुलं नवी ओळ म्हणतात. गोष्ट खरोखर फसली असेल तर तिची खूण वेगळी असते. मुंग्या निघाल्या तरी हशा चालूच राहतो. तसं झालं तर पालुपद फार वेगात गेलं, किंवा वारा आणि पाऊस यांच्या गमतीवर गरजेपेक्षा जास्त वेळ गेला, असं समजावं. मुंग्यांच्या वाक्यापासून आवाज खाली आणावा आणि माईक असेल तर तो तोंडापासून जरा दूर धरावा.

आता शेवट. कावळ्याने कबूल केल्यावर काय होतं? २०१४ मध्ये कॅनडात कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळणं पाठीमागे ठेवून त्याच्या आवाजावरून ते ओळखायचा खेळ होता. मध्येच मोठं माणूस खोलीबाहेर जायचं आणि जाताना बजावायचं, मागे वळून बघू नकोस. परत आल्यावर एक गोष्ट वाचून दाखवायचं आणि मग विचारायचं, पाहिलंस का? काहींनी लांडगा आल्याची हाकाटी करणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकली, काहींनी पिनोकियोची. खोटं बोलणाऱ्याला अद्दल घडते, असं दाखवणाऱ्या या गोष्टींनी मुलांच्या खरेपणात फरक पडला नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांना सांगितलं, त्या गोष्टीने, कारण तिथं खरं सांगणाऱ्याचं कौतुक होतं. संशोधकांनी त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोटं बोलण्याचे वाईट परिणाम दाखवले, तेव्हा तिचाही परिणाम गेला. परिणाम अर्थात गोष्ट ऐकल्यानंतर लगेचच मोजला होता. एका गोष्टीने मूल कायमचं बदललं, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पण गोष्ट रचणाऱ्याला वाट दाखवायला एवढं पुरेसं आहे.

म्हणून माझ्या गोष्टीत कावळ्याला झाडावरून हाकलत नाहीत. आधी शांतता होते. चिमणी रागावलेली असते, आणि तसं ती म्हणतेही. राग नसला तर मुलांना ते खोटं वाटेल. मग ती म्हणते, ‘पण तू सांगितलंस. आम्हाला कधीच कळलं नसतं.’ मुंग्यांना बोलवायला कावळा स्वतः पावसात जातो. येताना त्याला तीनही युक्त्या एकेक करून सांगाव्या लागतात, उधळलेले दाणे, भिजवलेली जागा, चुऱ्याची ओळ. पोपट म्हणतो, ‘एवढं डोकं चालतं, तर ढोलीला असं झाकण कर की वारा आणि पाऊस खरोखरच आत येणार नाहीत.’ कावळे काटक्यांबरोबर तारांचे तुकडेही घरट्याला वापरतात, मुलांनी ते पाहिलेलं असतं. तसंच झाकण तो विणतो. त्याची हुशारी गेलेली नाही, ती आता सगळ्यांच्या कामाला आली आहे. कावळाच का घेतला, याचंही कारण इथंच आहे. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणारा कावळा मुलांना ठाऊक असतो. चिऊकाऊच्या गोष्टीतला शेणाच्या घराचा कावळाही ठाऊक असतो. हुशार आणि लबाड हे दोन्ही चेहरे त्यांच्या मनात आधीच असतात, नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही.

चार वेळा पालुपद, मधली संभाषणं आणि झाकणाचा प्रसंग मिळून गोष्ट बारा-पंधरा मिनिटं चालते. त्याहून लांबली तर पहिलीची रांग चुळबुळायला लागते. बालवाडीसाठी पोपटाचा दिवस गाळावा. त्या वयाला तीन आवर्तनं पुरतात, पण वारा, मुंगी आणि कबुली हा क्रम मात्र मोडू नये.

गोष्ट संपली की एक धोका असतो, तो मंचावरून येतो. कुणीतरी माईक घेऊन विचारतं, ‘तर मुलांनो, आपण काय शिकलो?’ दोनशे मुलं ‘खरं बोलावं’ असं ओरडतात. हे उत्तर त्यांना गोष्ट न ऐकताही देता आलं असतं. गोष्टीचा वापर उपदेशासाठी करायला गिजुभाई बधेकांचा विरोध होता. ते आणि ताराबाई मोडक या दोघांनी बालशिक्षणात गोष्टीला जी जागा दिली, ती मुलाच्या आनंदाची होती. मी कार्यक्रमाआधीच मुख्याध्यापकांना विनंती करते, की गोष्टीनंतर लगेच पुढचा कार्यक्रम घ्या किंवा मुलांना खाऊ द्या.

पुढच्या आठवड्यात वर्गात मुलांना हीच गोष्ट आपली आपण सांगू द्यावी. दुसरी-तिसरीची मुलं वाऱ्याच्या जागी मांजर, टेम्पो, गावातला कुत्रा, काहीही घालतात. घालू द्यावं. फक्त कुणी वर्गातल्याच एखाद्या मुलाचं नाव घातलं तर तिथं थांबवावं. आळ घेतलेल्या मुंगीचं पुढं काय झालं ते त्यालाच विचारावं आणि गोष्ट तिथूनच त्याच्याकडून पुढं सांगून घ्यावी.