एकाच भट्टीतली तीन बिडं

घरातला बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला तर त्याला पोचा येत नाही, सरळ तुकडा उडतो. पण त्याच बिडात एक-दोन गोष्टी इकडच्या तिकडे केल्या, तर त्यातून मोटारीचा क्रँकशाफ्ट ओतता येतो आणि तो इंजिनातले धक्के लाखो फेऱ्या सोसतो. वाचायला नवल वाटेल, पण दोन्हीतल्या कार्बनचं प्रमाण जवळपास सारखंच असतं, साधारण साडेतीन टक्के. फरक पडतो तो हा कार्बन थंड होताना कोणत्या रूपात आणि कोणत्या आकारात बाहेर पडतो यावर.

रस वितळलेला असतो तेव्हा कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. गोठताना लोखंडाला एवढा कार्बन पोटात ठेवता येत नाही. मग तो एक तर ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशासारखा मऊ पदार्थ, म्हणून वेगळा होतो, नाही तर लोखंडाशीच जोडला जाऊन सिमेंटाइट नावाचं अतिशय कठीण संयुग बनतो. सिलिकॉन भरपूर असेल आणि ओतीव माल सावकाश थंड झाला तर ग्राफाइट होतो. सिलिकॉन कमी असेल किंवा माल झटकन थंड झाला तर सिमेंटाइट.

फाउंड्रीत हे बघण्याची जुनी पद्धत आहे वेज टेस्टची. पाचरीच्या आकाराच्या वाळूच्या साच्यात थोडा रस ओततात, थंड झाला की हातोड्याने मोडतात. पाचरीची धार पातळ, तिथे धातू चटकन गोठतो, म्हणून तिथला भंग पांढराशुभ्र, चांदीसारखा चमकतो. जाड बाजूला तोच धातू राखाडी दिसतो. एकाच ओंजळभर तुकड्यात पांढरं बीड आणि ग्रे बीड, दोन्ही. पांढरा पट्टा किती मिलिमीटर आला हे मोजून मेल्टर ठरवतो, की पातळ भिंतीचा जॉब या रसात ओतायचा की आधी फेरोसिलिकॉन टाकायचं. कारण पातळ कड पांढरी पडली, तर मशिन शॉपमध्ये ड्रिलची धार जाते आणि शिव्या फाउंड्रीला बसतात.

ही दोन्ही बिडं ठिसूळ, पण ठिसूळपणाची कारणं अगदी निराळी. पांढऱ्यात दोष मूळ धातूचाच: सिमेंटाइटचं कडक जाळं सगळीकडे पसरलेलं असतं आणि ते वाकतच नाही. म्हणून ते घासलं जाईल, पण आपटलं जाणार नाही, अशाच ठिकाणी वापरतात. रोलर फ्लोअर मिलमधल्या गहू दळणाऱ्या रुळांची पाठ मुद्दाम लोखंडी साच्याला टेकवून पांढरी पाडलेली असते, आतला गाभा मात्र ग्रे ठेवतात.

ग्रे बिडात मूळ धातू बऱ्यापैकी पोलादासारखाच असतो. घात करतो तो ग्राफाइट. वजनात तो तीन टक्क्यांच्या आसपास असला तरी हलका असल्यामुळे आकारमानात सुमारे दहा टक्के जागा व्यापतो, आणि ही जागा असते पातळ, वाकड्यातिकड्या, टोकदार पाकळ्यांची. ग्राफाइटला ओढ सहन करण्याची ताकद जवळपास नाहीच, त्यामुळे प्रत्येक पाकळी म्हणजे आधीच पडलेली चीर. शिंपी कापडाच्या काठाला कात्रीने जरासा छेद देतो आणि मग दोन हातांनी ओढून टर्रकन फाडतो. सगळी ओढ छेदाच्या टोकावर एकवटते. पाकळीच्या टोकाशी नेमकं हेच होतं. म्हणून ग्रे बीड ताणलं की जेमतेम अर्धा-एक टक्का लांबतं आणि तुटतं. दाबाखाली मात्र या चिरा मिटतात, आणि तेच बीड ताणापेक्षा तीन-चार पट भार घेतं. लेथचा बेड आणि ब्रेक ड्रम अजून ग्रे बिडाचेच असतात ते उगाच नाही: याच पाकळ्या कंप गिळतात आणि उष्णता वाहून नेतात.

आता पाकळी काढून त्या जागी तेवढाच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात ठेवला तर? गोळ्याला टोक नसतं. त्याच्या कडेला ताण फार तर दुपटीच्या आसपास वाढतो आणि धातू तुटण्याऐवजी आधी वाकतो. हेच डक्टाइल बीड, आपल्याकडच्या फाउंड्रीवाल्यांचं एस.जी. आयर्न. ‘एफ.जी. २००’ या ग्रेडच्या ग्रे बिडाची ताणशक्ती २०० मेगापास्कल. ‘एस.जी. ५००/७’ची ५०० आणि तुटण्याआधी ७ टक्के लांबण.

शोधाची गंमत अशी, की तो दुसरंच काही शोधताना लागला. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियमचा तुटवडा होता. झीज सोसणाऱ्या पांढऱ्या बिडात क्रोमियमऐवजी काय चालेल, हे बघण्याचं काम इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस यांच्याकडे होतं. १९४३ मध्ये त्यांनी मॅग्नेशियम टाकून पाहिलं आणि ग्राफाइटचे गोळे झाले. ब्रिटनमध्ये हेन्टन मोरो यांनी स्वतंत्रपणे सिरियम वापरून तेच साधलं. दोन्ही गोष्टी १९४८ मध्ये जाहीर झाल्या.

कृती ऐकायला सोपी, करायला नाही. मॅग्नेशियम सुमारे १०९० अंशांना उकळतं आणि रस असतो १४५० अंशांच्या वर. नुसतं टाकलं तर वाफ होऊन स्फोटासारखं उडतं. म्हणून सहा टक्के मॅग्नेशियम असलेला फेरोसिलिकॉनचा मिश्रधातू उंच लॅडलच्या तळाशी खड्ड्यात ठेवतात, वर पोलादाचे बारीक तुकडे झाकतात आणि मग रस ओततात. डोळे दिपवणारा पांढरा लोळ उठतो आणि धूर.

पाचशे किलो रसाचा हिशोब मांडून बघू. मिश्रधातू आठ किलो, म्हणजे मॅग्नेशियम ४८० ग्रॅम. निम्मं जळून गेलं असं धरलं तर उरलं २४०. पण मॅग्नेशियम आधी गंधकाला धरतं: एक ग्रॅम गंधक पाऊण ग्रॅम मॅग्नेशियम खातं. इंडक्शन भट्टीच्या रसात ०.०१५ टक्के, म्हणजे ७५ ग्रॅम गंधक असेल, तर सुमारे ५७ ग्रॅम गेलं. राहिलं १८३ ग्रॅम, म्हणजे ०.०३७ टक्के. गोळे व्हायला हे पुरेसं. क्युपोलाच्या रसात कोकमुळे गंधक ०.१ टक्के असेल, तर त्यालाच ३८० ग्रॅम मॅग्नेशियम लागेल आणि हाती काहीच उरणार नाही. क्युपोला असलेल्यांना आधी गंधक काढावं लागतं ते यामुळे. उलट हात सैल सोडून मॅग्नेशियम जास्त घातलं, तर सिमेंटाइट होऊ लागतं आणि माल पुन्हा पांढऱ्याकडे झुकतो. त्यावर उतारा म्हणून शेवटी थोडं फेरोसिलिकॉन टाकतातच.

खरा शत्रू मात्र घड्याळ. लॅडलमधलं मॅग्नेशियम मिनिटागणिक उडत राहतं. फाउंड्रीत याला फेडिंग म्हणतात. आठ-दहा मिनिटांत ओतकाम उरकलं नाही, तर पहिल्या साच्यात गोळे आणि शेवटच्या साच्यात अळीसारखे आकार किंवा चक्क पाकळ्या येतात. बाहेरून दोन्ही जॉब जुळे दिसतात. हातोडीने वाजवलं तर चांगला एस.जी. घंटेसारखा घुमतो, ग्रे बीड थप्प वाजतं; पण जॉब अर्धवट बिघडलेला असेल तर कान फसतो. खात्री होते ती नमुन्याचा तुकडा पॉलिश करून शंभरपट मोठा बघितल्यावरच.

तेव्हा एस.जी.चा जॉब कोणाकडून ओतून घेणार असाल, तर मायक्रोस्कोपचा फोटो जरूर मागा, आणि तो लॅडलच्या शेवटच्या साच्यातल्या तुकड्याचा आहे ना, हे विचारा. पहिल्या साच्याच्या फोटोला काही किंमत नाही.