40 लाखांचे घर घेताना हातात किती रोख हवी?

पनवेलमध्ये घर शोधणाऱ्या कुटुंबांशी बोलताना आम्हाला एक समज वारंवार दिसतो: बँक कर्ज देते, उरलेले 20 टक्के जमवले की झाले. अडचण सुरू होते ती इथेच.

नवीन पनवेलमधला 40 लाखांचा जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा, फ्लॅट धरू. 80 टक्क्यांप्रमाणे कर्ज 32 लाख, आपले 8 लाख. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाची मर्यादा ठरवताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरली जात नाही (सूट फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांना). म्हणजे हा खर्च खिशातूनच.

मुद्रांक शुल्काचा हिशेब 7 टक्क्यांनी धरला तर 2 लाख 80 हजार होतात. करार करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात चालू दर विचारून घ्यावा. शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर 1 टक्का सवलत, म्हणजे 40 हजार वाचतात. पतीचे नाव सोबत लावले की ती जाते. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार.

आता पनवेलचा खास खर्च. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर इथल्या बऱ्याच इमारती सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. तिथे फ्लॅट नावावर होताना सिडकोचे हस्तांतरण शुल्क लागते. ते कोण भरणार, हे करारातच लिहून घ्यावे. सोसायटी हस्तांतरणासाठी 25 हजारांपेक्षा जास्त प्रीमियम घेऊ शकत नाही. त्यावर ‘देणगी’ किंवा ‘विकास निधी’ मागितला तर लेखी मागणी मागावी.

सर्वांत महाग ठरू शकते ती जुनी थकबाकी. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी झाली आणि मालमत्ता कराची आकारणी त्या तारखेपासून मागे जाऊन झाली. अनेकांनी विरोध म्हणून तो भरला नाही. म्हणून विक्रेत्याकडून कराची अलीकडची पावती आणि सोसायटीचा ‘देणे बाकी नाही’ दाखला घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

हिशेब जुळवू. पदरचे 8 लाख, शुल्क व नोंदणीचे 3 लाख 10 हजार, सोसायटीचे 25 हजार, दलालीचे 1 टक्का धरून 40 हजार, रंग, पंखे, ओटा, कपाट आणि सामान हलवण्याचे दीड लाख. बेरीज 13 लाख 25 हजार. सिडकोचे शुल्क यात नाही.

ज्या कुटुंबाकडे फक्त 8 लाख आहेत, त्याला वरचे सव्वापाच लाख बहुधा वैयक्तिक कर्जातून किंवा सोने गहाण ठेवून उभे करावे लागतात. मग घराच्या हप्त्यासोबत दुसरा हप्ता आणि दरमहाची देखभाल वर्गणीही येते. म्हणून टोकन देण्याआधी ही बेरीज कागदावर मांडावी. रक्कम जुळत नसेल तर 40 लाखांऐवजी 32 लाखांचे घर पाहणे, किंवा आणखी एक वर्ष थांबणे, जास्त परवडते.