बोट कुठे थबकलं?

दवाखान्याची वेळ घेण्याचं एखादं ॲप बाजारात आणण्यापूर्वी ते चार-पाच अनोळखी माणसांच्या हाती देतात, एक काम सांगतात आणि फोनच्या पडद्यावर जे घडतं ते रेकॉर्ड करतात. ही यूजेबिलिटी टेस्ट. माणसं अर्ध्या तासात घरी जातात, पण खरं काम तिथून सुरू होतं. कुणीतरी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहून वापरणारा कुठे अडखळला, कुठे चुकीच्या जागी बोट पडलं आणि कुठे त्याने नाद सोडला, याची वेळेनिशी नोंद करायची असते.

नोंद करणाऱ्याची पहिली अडचण अशी की, पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बोट दिसतच नाही. बटण दाबलं आणि पुढचं पान उघडलं, तर ते कळतं. पण बोट पडलं आणि काहीच झालं नाही, तर चित्रात काहीही उरत नाही. म्हणून अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये स्पर्श दाखवण्याची जी सोय असते, ती चाचणीआधी चालू करतात. मग बोट टेकेल तिथे लहान गोल ठिपका उमटतो. तरीही हवेत घुटमळणारं बोट टिपलं जात नाही. त्यासाठी हातावर रोखलेला दुसरा कॅमेरा लागतो.

आता एक उदाहरण घेऊ. १९५८ साली जन्मलेल्या एक काकू. काम सांगितलंय, 'गुडघेदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांची मंगळवार सकाळची वेळ घ्या.' चाचणी जून २०२५ मधली. रेकॉर्डिंग पहिल्यांदा न थांबवता, नेहमीच्या वेगाने पाहायचं. या फेरीत मनावर जे ठसतं ते सरळ आहे. काकूंनी नाव भरलं, जन्मतारीख भरली, डॉक्टरांच्या यादीवर बराच वेळ थांबल्या, मागे गेल्या, फॉर्म कोरा झालेला दिसला आणि ४ मिनिटं २० सेकंदांना त्या म्हणाल्या, "राहू दे, मी फोनच करते." म्हणजे डॉक्टरांची यादी गोंधळाची आहे, असंच कुणालाही वाटेल.

दुसऱ्या फेरीत हात आखडता घ्यावा लागतो. रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने, लागलं तर एकेक चौकट पुढे सरकवत पाहायचं आणि वहीत फक्त दिसलेलं व ऐकलेलं लिहायचं. 'काकू गोंधळल्या' ही नोंद नव्हे. '२:३२ ते २:४१, कॅलेंडर उघडं, एकही स्पर्श नाही, "आता हे काय?" असा आवाज' ही नोंद. अर्थ लावायचा तो वेगळ्या रकान्यात आणि नंतर.

हे नऊ सेकंद अडखळणं आहे का, हे ठरवायला घड्याळ पुरत नाही. माणूस वाचत असेल, नेट मंद असेल, चाचणी घेणारा मध्येच बोलत असेल. शिवाय मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करा, असं सांगितलेलं असतं, त्यानेही हात मंदावतो. म्हणून ज्या पानावर काहीच अडलं नाही, तिथली या माणसाची गती आधी पाहायची. काकूंनी नावाचा रकाना समोर येताच दोन सेकंदांत लिहायला घेतलं होतं. त्या गतीपुढे कॅलेंडरवरचे नऊ सेकंद उठून दिसतात. घाईच्या विशीतल्या तरुणासाठी चार सेकंदही तसेच ठरतील.

पुढे २:४१ पासून ठिपका मागच्या महिन्याच्या बाणावर उमटू लागतो. मोजले तर १९ वेळा. कॅलेंडर जून २०२५ वर उघडलं होतं, ते नोव्हेंबर २०२३ वर पोचलं. जून १९५८ पर्यंत जायला असे ८०४ स्पर्श लागले असते. २:५८ ला काकू थांबतात. अशा कॅलेंडरवर वर बारीक अक्षरांत वर्ष लिहिलेलं असतं आणि त्यावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काकूंनाही ते सुचलं नाही, असं लिहून मोकळं व्हायचा मोह इथे होतो.

पण ३:०६ ची चौकट पाहा. ठिपका '२०२५' ऐवजी आता तिथे दिसणाऱ्या '२०२३' या आकड्याच्या किंचित खाली पडला आहे, आणि लगेच पुन्हा एकदा तिथेच. काकूंना नेमकं सुचलं होतं. अक्षरं लहान, दाबायची जागा अक्षरांएवढीच आणि बोट तिच्या कडेबाहेर पडलेलं. ॲपने दोन्ही वेळा काहीच केलं नाही, तेव्हा त्यांनी योग्य असलेला तर्क चुकीचा समजून सोडून दिला. दाबायची जागा निदान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर हवी, असं अँड्रॉइडचं मार्गदर्शन आहे. ते का, ते या दोन ठिपक्यांवरून समजतं. ते पाहिले नसते तर 'सूचना लिहा' असा उपाय निघाला असता आणि सूचना वाचूनही बोट तिथेच चुकलं असतं.

३:१२ ला काकू नोव्हेंबर २०२३ मधलीच एक तारीख ठेवून 'ओके' दाबतात. ॲप ती निमूट स्वीकारतं. माझ्या मते साऱ्या रेकॉर्डिंगमधला सर्वांत गंभीर क्षण हाच, कारण काहीतरी बिनसलंय हे इथे ॲप सांगत नाही. दीड वर्षाचा रुग्ण धरून पुढच्या पानावर ते बालरोगतज्ज्ञ वर आणतं. "मला हाडांचे हवेत, इथे मुलांचेच का?" हे काकूंचे शब्द ३:३० चे. त्या अडखळल्या यादीवर, कारण मात्र मागच्या पानावर होतं. म्हणून नोंदवहीत 'कुठे दिसलं' आणि 'कुठून आलं' असे दोन रकाने ठेवावेत. एकाच रकान्यात दोन्ही कोंबलं की दुरुस्ती भलत्याच पानाची होते.

सोडून देणं नेहमी असं बोलून होत नाही. यादी थोडी खाली सरकवून काकूंनी समोर दिसेल त्या डॉक्टरांची वेळ घेतली असती आणि "झालं" म्हटलं असतं, तर काम पूर्ण अशी खूण पडली असती. वापरणाऱ्याचं "झालं" आणि खरोखर झालेलं काम हे दोन्ही ताडून पाहावं लागतं, त्यासाठी शेवटचं पान थांबवून वाचायचं. चाचणी घेणाऱ्याने वाट दाखवली असेल तर त्या सेकंदाला 'मदत' लिहायचं. त्यापुढचं यश स्वतंत्र धरायचं नाही.

एकट्याच्या नजरेवर हे सोडू नये. हर्ट्झुम आणि याकोबसेन यांनी २००१ साली अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा वेगवेगळ्या तपासणाऱ्यांमधली सहमती ५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान आढळली. म्हणून दोघांनी एकमेकांची वही न बघता नोंदी कराव्यात आणि मग त्या शेजारी ठेवाव्यात. जिथे एकालाच काही दिसलं, तिथे दोघांनी मिळून पुन्हा तेवढाच तुकडा पाहायचा.

त्यानंतर उरलेल्या माणसांच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच कॅलेंडर शोधायचं. एखाद्याने १९९८ चा जन्म आरामात निवडला, तर त्याने वर्षाच्या आकड्यावर बोट नेमकं ठेवलं होतं की बाणाने शेकडो महिने मागे गेला, हे पाहावं. जन्मतारखेसाठी कॅलेंडर काढून दिवस, महिना, वर्ष टाइप करायचे तीन रकाने द्यावेत, ही ब्रिटिश सरकारच्या डिझाइन प्रणालीत रुळलेली पद्धत आहे. ती इथे बसवली, तर तारखेवरून काढलेलं वय लगेच खाली दाखवायला हवं, 'वय ६७ वर्षं' असं, म्हणजे चूक त्याच पानावर पकडली जाईल. मग नव्या माणसांना तेच काम द्यायचं आणि २:३२ च्या त्या जागेपाशी पुन्हा घड्याळ लावायचं.