स्वीडनला ‘तुम्ही’ का टोचलं?

पाहुणा वयाने लहान, नात्याने मोठा. ‘चहा घेतोस?’ म्हटलं तर उर्मटपणा वाटेल, ‘घेता?’ म्हटलं तर परकेपणा. मग आपण हळूच विचारतो, ‘काय, घ्यायचा ना चहा?’ वाक्यातून तूही गेला, तुम्हीही गेलं. मराठीत ही अडचण अधूनमधून येते. स्वीडनमध्ये मात्र ती रोजची होती, आणि कित्येक पिढ्या.

स्वीडिशमध्ये ‘दू’ म्हणजे तू आणि ‘नी’ म्हणजे तुम्ही. शब्द होते, पण ‘नी’ नासला होता. हुद्दा असलेली माणसं तो मोलकरणीला, दुकानातल्या पोऱ्याला, म्हणजे ज्यांना पदवी नाही त्यांना वापरत. त्या माणसांनी उलट ‘नी’ म्हणायचं नाही, साहेबाचा हुद्दाच उच्चारायचा. त्यामुळे आदराचा म्हणून असलेला शब्द कमी लेखण्याचा झाला. कुणाला ‘नी’ म्हणावं, तर समोरचा दुखावायचा.

‘दू’ घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी. मग परक्याशी बोलायचं कसं? समोर बसलेल्या माणसाविषयी तृतीयपुरुषी बोलून! ‘डॉक्टर अँडरसनना डॉक्टर अँडरसनच्या कॉफीत साखर हवी आहे का?’ हुद्दा ठाऊक नसला किंवा चुकला तर पंचाईत. म्हणून लोक सर्वनामच गाळायचे आणि ‘थोडी कॉफी चालेल का?’ असं विचारायचे. आपल्या ‘घ्यायचा ना?’ची ही सख्खी बहीण. ओळख वाढली की मोठ्याने पुढाकार घेऊन पदव्या बाजूला ठेवूया म्हणायचं, पेला उंचवायचा, आणि तिथून पुढे ‘दू’. हा पुढाकार धाकट्याने घ्यायचा नाही.

‘नी’ सगळ्यांसाठी सरसकट वापरावा, असे प्रयत्नही झाले. ते फसले, आणि मला ते स्वाभाविक वाटतं. ज्या शब्दाने आयुष्यभर आपल्याला खालचं ठरवलं, तो कुणी आदराचा म्हणून पुन्हा हातात दिला तर घ्यावासा वाटेल का?

1967 साली ब्रूर रेक्सेद देशाच्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले. मी सगळ्यांना नावाने आणि ‘दू’ने हाक मारणार, तुम्हीही मला तसंच म्हणा, असं त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं. लोक आधीपासूनच तिकडे वळत होते, पण साहेबानेच म्हटल्यामुळे या बदलाला रेक्सेद यांचं नाव चिकटलं. काही वर्षांतच शिक्षक, डॉक्टर, मंत्री सगळे ‘दू’ झाले. राजघराण्यापुरती जुनी रीत उरली.

पुढे दुकानांतली तरुण मुलं गिऱ्हाइकाला अदबीने ‘नी’ म्हणू लागली. हा शब्द कुणाला कसा टोचायचा, हे त्यांनी अनुभवलेलं नव्हतं. काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्या बाईने मात्र ते अनुभवलेलं होतं. त्यामुळे त्याने तिला मान दिला तरी तिच्या कानाला तो खटकतोच.