कलिंगड ७५, वेफर्स ५५

मधुमेह निघाला की घरात पहिली गदा येते ती कलिंगडावर. तक्त्यात त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स ७५ च्या आसपास दिसतो. ७० च्या वर म्हणजे जास्त. त्याच तक्त्यात बटाट्याचे वेफर्स साधारण ५५ वर असतात आणि उकडलेला बटाटा ८० च्या जवळ. मग काय, कलिंगड बंद आणि वेफर्स चालू?

हा आकडा येतो कुठून ते पाहू. १९८१ साली टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. साधारण दहा जणांना सकाळी उपाशीपोटी एकच पदार्थ खायला देतात. तोही इतका की त्यातून ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके मिळावीत. पुढचे दोन तास थोड्या थोड्या वेळाने बोटातून रक्त घेऊन साखर किती चढली ते नोंदवतात. ५० ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर चढते ती साखर १०० धरायची आणि तिच्याशी तुलना करायची. म्हणजे इंडेक्स कर्बोदकांचा वेग सांगतो. तुम्ही किती खाल्लं, हे त्याच्या गावीही नसतं.

कलिंगडाची गोम इथेच आहे. शंभर ग्रॅम गरात कर्बोदके जेमतेम साडेसात ग्रॅम, बाकी बहुतेक पाणी. ५० ग्रॅम गाठायचे तर साडेसहाशे ग्रॅमहून जास्त गर खावा लागेल. आपण खातो दीडशे ग्रॅमची फोड. तिच्यात ११ ग्रॅम कर्बोदके. त्यांना ७५ ने गुणून शंभराने भागलं की आठ येतात. याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या पांढऱ्या भाताचा लोड तिशीच्या घरात जातो, आणि दीडशे ग्रॅम भातावर थांबतंय कोण!

वेफर्सचा आकडा उतरतो त्याचं एक कारण तेल. तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, साखर हळू चढते. पण ते तेल आणि मीठ शरीरात जायचं ते जातंच. इंडेक्स त्यांची दखल घेत नाही.

शिवाय प्रयोगात भात एकटाच असतो. ताटात त्याच्यासोबत वरण, तूप, उसळ, काकडीची कोशिंबीर असते. डाळीतली प्रथिनं, तंतू आणि तूप त्याच भाताची चढण मंद करतात. तांदळाचा वाण बदलला, भात जास्त मऊ शिजला, तरी आकडा हलतो. एकाच माणसात तोच पदार्थ दोन दिवशी वेगळा वागतो, म्हणून तक्त्यातला आकडा ही अनेकांची सरासरी असते.

अर्थात नाचणीची भाकरी आणि नाचणीची पातळ पेज, किंवा मोसंबं आणि त्याचा रस, यांतली निवड करताना इंडेक्स कामाचा आहे. पण ताटातला भात अर्धा करून वरण-उसळ वाढवली की काय फरक पडतो, हे पाहायला मधुमेह्याने जेवणाआधी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघावी, आणि तीही एकदाच नव्हे, निरनिराळ्या दिवशी.